कन्सोल एका टोकाला, टीव्ही दुसऱ्या: लॅन केबलवरून एचडीएमआय नेताना वायर आणि पॉवर आधी बघा

कन्सोल एका खोलीत आणि टीव्ही पार दुसऱ्या टोकाला, मधे भिंती, जिना, वळणं. सरळ रेषेत मोजलं तर अंतर दहा मीटर वाटतं पण वायर भिंतीवरून वर जाते, छताखालून फिरते, परत खाली उतरते आणि टेप लावून मोजलं की २५-३० मीटर निघतं. एवढ्या लांबीला साधी एचडीएमआय केबल उपयोगाची नाही. ४के ६० साठी साधी तांब्याची एचडीएमआय ५ मीटरच्या आसपासच दमायला लागते, १०८०पी असेल तर अजून थोडी ओढता येते. म्हणून मग एक्स्टेंडर, म्हणजे दोन डब्या. कन्सोलजवळ ट्रान्समीटर, टीव्हीमागे रिसीव्हर आणि मधे लॅनची केबल.

मी हे तीन-चार वेळा केलंय आणि पहिल्या वेळेस दोन आठवडे डोकं आपटलं, डबी बदलली, कन्सोलची सेटिंग बदलली आणि शेवटी दोष निघाला वायरमधे. त्यामुळे इथे डब्यांबद्दल कमी आणि वायर न पॉवरबद्दल जास्त लिहितोय.

आधी डबी कुठली, ते पटकन

बाजारात दिसायला सगळ्या डब्या सारख्याच असतात पण आत तीन वेगळे प्रकार आहेत. पहिला म्हणजे दोन लॅन केबल लागणारा आणि पॉवर नसलेला छोटासा तुकडा, तो विसरा, थोड्याच मीटरला १०८०पी गेलं तर नशीब. दुसरा प्रकार चित्र दाबून (कॉम्प्रेस करून) नेटवर्कच्या पॅकेटमधे पाठवतो, तो लांब जातो आणि नेटवर्क स्विचमधूनही चालतो पण दाबायला आणि उलगडायला वेळ लागतो. सिनेमा बघायला काही फरक पडत नाही, गेम खेळताना मात्र बटण दाबल्यावर माणूस उशिरा उडी मारतो. ६० फ्रेमला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते आणि या डब्या सहज दोन-चार फ्रेम खातात, काही तर त्याहून बऱ्याच जास्त. कन्सोलसाठी हा प्रकार नको.

तिसरा प्रकार म्हणजे चित्र जवळजवळ जसंच्या तसं नेणारा. यात एचडीबेसटी नावाचं तंत्र येतं आणि तसंच काम करणारे पण त्या नावाशिवाय विकले जाणारे किटही येतात. यात उशीर इतका कमी असतो की जाणवतच नाही. फक्त एक लक्षात ठेवा, केबल लॅनची आहे, पिन लॅनची आहे, पण आतून धावतंय ते लॅन नाही. मधे राउटर, स्विच काही लावायचं नाही, ट्रान्समीटरपासून रिसीव्हरपर्यंत एकच अखंड वायर पाहिजे.

डबीवर मोठ्या अक्षरात ४के लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, किती गिगाबिट ते शोधा. १०८०पी ६० ला साधारण ४.५ गिगाबिट लागतात. ४के ६० पूर्ण रंगात हवं असेल तर जवळजवळ १८ लागतात. बऱ्याच जुन्या किटची मर्यादा १०.२ आहे, म्हणजे त्यातून ४के ३० जाईल किंवा ४के ६० रंगाची माहिती कमी करून, ज्याला ४:२:० म्हणतात, आणि तेही एचडीआरशिवाय. एचडीबेसटी २.० ची मर्यादा हीच, १८ गिगाबिट न दाबता न्यायचे तर ३.० लागतं. पीएस५ किंवा नवा एक्सबॉक्स असेल आणि ४के ६० सोबत एचडीआर हवा असेल तर १८ गिगाबिटवालंच घ्या आणि चित्राची चोरून कॉपी होऊ नये म्हणून असलेलं कुलूप, म्हणजे एचडीसीपी, २.२ आहे का तेही बघून घ्या. पहिला निन्टेन्डो स्विच डॉकमधून १०८०पीच देतो, त्याला १०.२ वालं भरपूर झालं.

४के १२० मात्र या रस्त्याने जात नाही, १८ गिगाबिटच्या किटमधूनही नाही. १२० च हवं असेल तर १०८०पी १२० ला जवळपास ९ गिगाबिट लागतात म्हणजे गणितात बसतं, पण किटने तो मोड टीव्हीकडून कन्सोलपर्यंत सांगायला हवा आणि सगळे सांगत नाहीत. ४के १२० साठी ऑप्टिकल एचडीएमआय केबल हा सरळ मार्ग आहे, तो वेगळा विषय.

वायर: कॅटेगरीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो

कॅट ५ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते, कॅट ६ २५० पर्यंत, कॅट ६ए ५०० पर्यंत. १०८०पी साठी २५-३० मीटरला चांगली कॅट ५ई चालून जाते. १०.२ गिगाबिटच्या किटला कॅट ६ घाला. १८ गिगाबिटला आणि नवीनच वायर टाकायची असेल तर कॅट ६ए, शील्डवाली. कॅट ७ नावाने आरजे४५ पिन लावून मिळते तिच्या मागे धावू नका, कॅट ७ च्या मानकात मुळात ती पिनच नाही, आणि कॅट ८ घरातल्या या कामाला उगाच जाड आणि कडक पडते, वळवता वळवता जीव जातो.

पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तार कशाची आहे. स्वस्त वायरमधे ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा असतो, त्याला सीसीए म्हणतात, आणि खोक्यावर बिनधास्त कॅट ६ छापलेलं असतं. याचा रेझिस्टन्स तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो. ओळखायचं कसं? एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी चंदेरी निघाली तर सीसीए, आत लालसर निघाली तर तांबं. उलटही होतं बरं का, काही चांगल्या तारांवर कथलाचा मुलामा असतो, त्या वरून चंदेरी आणि आतून लाल, त्या ठीक आहेत.

भिंतीत आधीच वायर गेलेली असेल आणि टोक खरवडून विश्वास बसत नसेल तर मल्टीमीटर काढा. दोन्ही टोकांच्या डब्या काढून टाका, लांबच्या टोकाला एकाच जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळून जोडा आणि जवळच्या टोकाला त्याच दोन तारांवर ओहम मोजा. मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायचा, नाहीतर एवढ्या छोट्या मापात तोच घोळ घालतो. २८ मीटरच्या वायरला २३ गेजचं शुद्ध तांबं असेल तर ३.७-३.८ ओहम यायला पाहिजे, २४ गेज असेल तर ४.७ च्या आसपास. आणि ७ च्या वर गेलं तर समजा ॲल्युमिनियम आहे, नाहीतर कुठेतरी सांधा सैल आहे. लांबी वेगळी असेल तर त्या प्रमाणात आकडा बदलायचा, म्हणजे १४ मीटरला निम्मा.

अजून एक, त्या चपट्या किंवा नूडलसारख्या बारीक पॅच कॉर्ड असतात ना, त्या नको. २८ ते ३२ गेजच्या असतात आणि चपट्या केबलमधे तर पीळही नावालाच असतो. टीव्हीमागे शेवटच्या अर्ध्या मीटरला जागा नाही म्हणून लोक ती जोडतात आणि मग चांगल्या २८ मीटर वायरचं वाटोळं त्या अर्ध्या मीटरमधे होतं.

पिन लावताना दोन्ही टोकांना टी५६८बी ठेवा: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. इथे एक फसवी चूक होते. काही जण रंग जोडीजोडीने सरळ लावतात, नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची, तपकिरी, दोन्हीकडे तसंच, आणि साध्या लाइटवाल्या टेस्टरवर १ ते ८ सगळे दिवे ओळीने लागतात. टेस्टर खोटं बोलत नाही, तार जोडलेलीच आहे, पण ३ आणि ६ नंबरची पिन एकत्र पिळलेल्या जोडीवर पाहिजे आणि इथे ती दोन वेगळ्या जोड्यांवर पडते, ४-५ चीही तीच गत. मग एका जोडीचा सिग्नल दुसरीत गळतो. १०० मेगाबिटचं इंटरनेट अशा वायरवर रडत का होईना चालून जाईल, ४के चालणार नाही. पीळ पिनेपर्यंत न्या, १२-१३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडू नका. आणि कॅट ६ए ची तार जाड असते, तिला तिचीच पिन लागते, साध्या पिनेत कोंबू नका.

भिंतीवर सॉकेट बसवून मग पॅच कॉर्ड, हे दिसायला छान, पण प्रत्येक सांध्याला सिग्नल थोडा मार खातो. मी १८ गिगाबिटसाठी दोन्ही टोकांना थेट पिन लावतो. दिसायला वाईट दिसतं, टीव्हीमागे कोण बघतंय.

टाकताना विजेच्या वायरच्या पाइपमधे घालू नका, धोक्याचंही आहे आणि फ्रिज सुरू झाला की चित्र झटका खातं. समांतर जायचंच असेल तर २०-३० सेंटीमीटर अंतर ठेवा आणि ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा. उरलेली वायर घट्ट वेटोळं करून टायने आवळू नका, मोठा सैल गोल ठेवा.

पॉवर: इथेच सगळे अडकतात

रिसीव्हरला पॉवर लागते. काही किटमधे दोन अडॅप्टर येतात, प्रत्येक टोकाला एक. काहींमधे एकच येतो आणि दुसऱ्या डबीला त्याच लॅन केबलमधून पॉवर जाते, याला पीओसी म्हणतात. सोयीचं आहे कारण टीव्हीमागे प्लग शिल्लक नसतो. पण मग वायरच्या ज्या रेझिस्टन्सबद्दल वर बोललो तो आता थेट व्होल्टेज खातो.

माझी गोष्ट सांगतो. २८ मीटर वायर, आधीच पाइपमधे टाकलेली, टाकणाऱ्याने कॅट ५ई सांगितलेली. किट १२ व्होल्टचं पीओसीवालं, रिसीव्हर साधारण ७ वॉट खाणारा. १०८०पी वर तास-दोन तास चाले, ४के लावलं की काही मिनिटांत चित्र जाई, दहा सेकंदांनी परत येई. मी एचडीएमआय केबल बदलली, कन्सोल बदलून बघितला, टीव्हीचे पोर्ट बदलले. शेवटी एकदा टीव्हीमागे मान घालून बसलो आणि चित्र जाताना बघितलं तर रिसीव्हरचा पॉवरचा दिवासुद्धा विझत होता. म्हणजे सिग्नल तुटत नव्हता, डबीच रीस्टार्ट होत होती.

मग ओहम मोजले, एका जोडीचे ७.४ आले. पॉवर दोन जोड्यांवरून जात होती, एक जोडी जायला आणि एक परत यायला, म्हणजे दोन-दोन तारा शेजारी शेजारी काम करतात, त्यामुळे पॉवरच्या वाटेतला रेझिस्टन्स त्याच्या निम्मा, ३.७ ओहम. आता ७ वॉटला १२ व्होल्टवर ०.५८ अँपिअर लागतील असं वाटतं, पण डबीच्या आतलं सर्किट वॉट तेवढेच ओढतं, व्होल्टेज पडलं की करंट वाढवतं, करंट वाढला की वायरमधे अजून व्होल्टेज पडतं. हे सगळं स्थिरावतं तेव्हा रिसीव्हरला जेमतेम ९.२ व्होल्ट पोचतात आणि जवळपास पावणेतीन व्होल्ट वाटेत जातात. ४केला डबीने जरा जास्त पॉवर मागितली की खाली कोसळायचं.

हीच वायर २३ गेज शुद्ध तांब्याची असती तर रिसीव्हरला १०.८ व्होल्ट मिळाले असते. किंवा वायर तीच ठेवून किट २४ व्होल्टचं असतं तर फक्त १.१ व्होल्ट वाया गेले असते कारण तेवढ्याच वॉटला करंट निम्म्याहून कमी लागतो. म्हणून लांब वायर असेल तर पीओसीमधे २४ किंवा ४८ व्होल्टवालं किट शोधा. ५ व्होल्टचं पीओसी मात्र २५-३० मीटरला गणितातच बसत नाही, ७ वॉट तिथे पोचवताच येत नाहीत, वायर कितीही चांगली असो. पॉवर वायरमधून न नेता दोन्हीकडे वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर काहीच अडचण नाही.

मी शेवटी काय केलं? रिसीव्हरवर अडॅप्टरचं भोक होतं, मॅन्युअलमधे पॉवर कुठल्याही एका टोकाला द्या असं लिहिलं होतं, तर अडॅप्टर टीव्हीकडे नेला. त्याने रीस्टार्ट थांबला, पण आता अडचण ट्रान्समीटरकडे सरकली, कारण आता त्याला त्या वायरमधून पॉवर मिळत होती. शेवटी जुन्या वायरलाच नवी कॅट ६ बांधून पाइपमधून ओढून घेतली. आधी ओहम मोजले असते तर पहिल्या दिवशीच हे कळलं असतं.

दोन सावधगिऱ्या. दोन्ही टोकांना एकाच वेळी अडॅप्टर लावायचा का ते मॅन्युअलमधे बघूनच ठरवा, काही डब्यांना चालतं, काहींना नाही. आणि पीओसी म्हणजे पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधून पॉवर देण्याची ठरलेली पद्धत, नव्हे. खरा पीओई स्विच समोर कोण आहे ते आधी विचारतो आणि मग पॉवर सोडतो, पीओसीची डबी बऱ्याचदा न विचारताच सोडते. तीच वायर कुणी चुकून लॅपटॉप किंवा राउटरमधे खोचली तर पोर्ट जळू शकतो. माझ्या वायरच्या दोन्ही टोकांना टेप लावून ‘लॅन नाही, लावू नका’ लिहिलेलं आहे.

जोडायचा क्रम

भिंतीत काहीही घालण्याआधी सगळं एका टेबलावर मांडा. कन्सोल, एक मीटरची एचडीएमआय, ट्रान्समीटर, दोन मीटरची चांगली कॅट ६, रिसीव्हर, परत एक मीटरची एचडीएमआय, टीव्ही. इथे तुम्हाला हवं ते रिझोल्यूशन येत असेल तर डब्या, एचडीएमआय, टीव्ही सगळे निर्दोष आणि पुढे जे काही बिघडेल ते वायरमुळे किंवा पॉवरमुळे. इथेच येत नसेल तर भिंतीला हात लावू नका. डब्या उलट्या लावल्या नाहीत ना तेही बघा, हसू नका, दोन्ही सारख्याच दिसतात.

टेबलावर झालं की लांब वायर लावा पण अजून जमिनीवर मोकळीच. कन्सोल आधी १०८०पी वर ठेवा. पीएस५ मधे `Settings > Screen and Video > Video Output > Resolution`. अर्धा तास एखादा गेम चालू द्या. मग ४के करा. ४के ला पांढरे ठिपके चमकायला लागले किंवा चित्र क्षणभर काळं होतंय आणि रिसीव्हरचा पॉवरचा दिवा मात्र स्थिर आहे, तर तो सिग्नलचा प्रश्न, म्हणजे पिना परत मारा, मधला सांधा काढा. पॉवरचा दिवाही जातोय तर वर सांगितलेलं गणित करा. चित्र अजिबात नाही आणि लिंकचा दिवाही नाही, तर एखादी जोडी तुटलेली किंवा पिन उलटी. लिंकचा दिवा आहे पण चित्र नाही, तर बहुतेक ईडीआयडी किंवा एचडीसीपी.

ईडीआयडी म्हणजे टीव्ही कन्सोलला सांगतो की मला काय काय दाखवता येतं. ही माहिती रिसीव्हरकडून ट्रान्समीटरकडे उलटी यावी लागते, आली नाही तर कन्सोल बिचारा कमीतलं काहीतरी देतो किंवा गप्प बसतो. अशा वेळी टीव्ही आधी चालू करा, मग रिसीव्हर, मग ट्रान्समीटर, शेवटी कन्सोल. ट्रान्समीटरवर बारीक स्विच असतील तर मॅन्युअल बघून टीव्हीचं ईडीआयडी कॉपी करा. एचडीसीपीवर संशय असेल तर पीएस५ मधे `Settings > System > HDMI > Enable HDCP` तात्पुरतं बंद करून बघा, गेम दिसायला लागला तर चोर सापडला. ते बंद असताना व्हिडिओची ॲप मात्र चालत नाहीत, म्हणून कायम बंद ठेवणं हा काही उपाय नाही, किट बदलावं लागतं.

एचडीआर लावल्यावरच चित्र जात असेल तर पीएस५ मधलं `4K Video Transfer Rate` ऑटोमॅटिकवरून -१ किंवा -२ करून बघा. कन्सोल रंगाची माहिती कमी करतो आणि ओझं हलकं होतं. सोफ्यावरून गेम खेळताना फरक मला तरी दिसत नाही, बारीक रंगीत अक्षरांच्या कडांना दिसतो. आणि सेटिंग बदलताना स्क्रीन काळी होऊन अडकली तर कन्सोल बंद करून पॉवरचं बटण दुसरी बीप येईपर्यंत दाबून धरा, सेफ मोड येतो, कंट्रोलर यूएसबीने जोडा आणि तिथून रिझोल्यूशन खाली आणा. हे मी लांबच्या खोलीतून इकडे पळत येऊन बऱ्याचदा केलंय.

चित्र पोचलं, कंट्रोलर?

हे सगळ्यात शेवटी आठवतं आणि खरं तर सगळ्यात आधी तपासायला पाहिजे. कंट्रोलर ब्लूटूथवर किंवा तशाच छोट्या पल्ल्याच्या रेडिओवर चालतो आणि दोन भिंती मधे आल्या की बटणं अडकतात, पात्र एका दिशेला पळतच राहतं. किट घेण्याआधी कंट्रोलर हातात घेऊन त्या लांबच्या खोलीत जा, इकडे कुणालातरी स्क्रीनवर बघायला सांगा आणि फोनवर बोलत पाच मिनिटं मेनू फिरवा. अडकत असेल तर यूएसबी वाहून नेणारं किट घ्या, किंवा त्याच वाटेने दुसरी लॅन केबल टाकून वेगळा यूएसबी २.० एक्स्टेंडर लावा. मग लांबच्या खोलीत कंट्रोलर वायरने जोडायचा आणि पीएस५ मधे `Settings > Accessories` मधे कंट्रोलरच्या भागात `Communication Method` शोधून ते `Use USB Cable` वर ठेवायचं, नाहीतर वायर लावूनही तो ब्लूटूथवरच बोलत राहतो. वायर ओढतानाच एकाऐवजी दोन ओढा, पाइप एकदाच उघडायला लागतो.